घरटी मोजणी: पत्रिकांच्या गठ्ठ्यापासून केटररच्या आकड्यापर्यंत

बहिणीचं लग्न फेब्रुवारीच्या शेवटी आहे. आमचं गाव तासगाव तालुक्यात, कार्यालय सांगलीत, मुहूर्त १२:३५ चा आणि जेवण दुपारचंच. आमच्याकडून २१० घरांना पत्रिका जाणार आहेत. केटरर आकडा मागतोय. वडील म्हणतात हजार-अकराशे सांग, आई म्हणते सातशे. घरोघरची माणसं, त्यांच्या लेकी-जावई, लहान मुलं हे सगळं धरून खात्रीचा आकडा कसा काढायचा?

*

पत्रिका गुणिले चार, अधिक मुलाकडचे, हा हिशोब आधी सोडून द्या. वडिलांचा आकडा बहुधा तिथूनच आलाय. चार माणसांचं घर लग्नाला चार माणसं पाठवतं, हे आपल्याकडे फार थोड्या घरांच्या बाबतीत खरं असतं. कोणतं घर किती माणसं पाठवणार हे मुख्यतः त्या घराला आमंत्रण कोणत्या प्रकारचं गेलं यावर ठरतं. पत्रिकेवर सगळ्यांनाच 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेलं असतं, म्हणून छापील मजकुरावरून काही कळत नाही. पत्रिका हातात देताना तोंडाने काय सांगितलं, ते लिहून ठेवावं लागतं.

तोंडी आमंत्रणाचे प्रकार तुमच्या गावात सगळ्यांना माहीत आहेत. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. घरटी एक म्हणजे घरातून एका माणसाने हजेरी लावायची. आणि तिसरा प्रकार म्हणजे जोडीने या, नवरा-बायको दोघं. तुमच्या यादीत हा प्रकार लिहिलेला नसेल तर पुढचं कोणतंही गणित चालणार नाही. आधी वडिलांना आणि आईला समोर बसवून २१० नावांपुढे हा एकच रकाना भरून घ्या. एक संध्याकाळ जाईल, थोडी वादावादी होईल, पण निम्मा घोळ तिथेच निस्तरतो.

यादी पत्रिकेप्रमाणे करू नका, चुलीप्रमाणे करा. तीन भाऊ एकाच वाड्यात राहतात, पत्रिका थोरल्याच्या नावाने एकच गेली, पण चुली तीन आहेत. थोरल्याला 'चूलबंद' सांगितलं तर धाकटे दोघं स्वतःलाही चूलबंदच समजतात, आणि तसं समजण्यात त्यांची काही चूक नाही. यादीत मात्र ते एकच घर म्हणून पाच माणसं धरलेलं असतं आणि येतात चौदा. म्हणून वाडा एक असला तरी ओळी तीन करा. उलट, मुलगा पुण्यात नोकरीला असेल आणि त्याला वेगळी पत्रिका पाठवली असेल, तर तो वडिलांच्या ओळीतून काढा, नाहीतर तो दोनदा मोजला जाईल.

दोनदा मोजले जाण्याची दुसरी जागा म्हणजे नात्यातलं लग्न. आपल्याकडे दोन्ही घरं आधीपासून एकमेकांची सोयरी असणं नवीन नाही. तुमच्या आत्याचं सासर आणि मुलाच्या आजोळची माणसं एकाच गावची निघतात आणि दोन्हीकडच्या यादीत बसतात. मुलाकडची यादी हातात आली की अशी घरं शोधून एकाच बाजूला टाका. नाव लिहिताना फक्त आडनाव आणि गाव लिहू नका. एका गावात त्याच आडनावाची पन्नास घरं असतात. वडिलांचं नाव आणि मळा, वस्ती किंवा गल्ली लिहा, म्हणजे फोन करणाऱ्याला नेमकं घर कळेल.

आता वहीत किंवा मोबाईलवरच्या शीटमध्ये प्रत्येक चुलीपुढे काय हवं ते सांगतो. रकाने जास्त करायचे नाहीत, कारण जास्त रकाने कुणी भरत नाही. कुटुंबप्रमुख आणि वस्ती, आमंत्रणाचा प्रकार, येणारी मोठी माणसं, ५ ते १० वर्षांची मुलं, ५ च्या आतली मुलं, सोबत कोण, उत्तर, आणि उत्तर कुणी, कोणत्या तारखेला घेतलं. एवढं पुरे. शेवटचा रकाना लोक गाळतात, पण तोच सर्वात उपयोगी पडतो. पंधरा दिवसांपूर्वी पत्रिका देताना मिळालेलं 'येतो' आणि परवा फोनवर मिळालेलं 'येतो' यांना एकच भाव देता येत नाही.

मुलांपुढे 'लहान' असं लिहू नका, वय लिहा. बरेच केटरर ५ वर्षांखालचं मूल मोजत नाहीत आणि ५ ते १० वर्षांच्या मुलाचं अर्धं ताट धरतात, पण हा नियम प्रत्येकाचा वेगळा असतो. कुणी ३ वर्षांच्या पुढे अर्धं धरतो, तर कुणी जेवढी ताटं उचलली तेवढी मोजतो, मग ती कुणीही उचललेली असोत. हे आकडा सांगण्याआधी विचारून कागदावर घ्या. १० च्या पुढचं मूल पूर्ण ताटात. ५ च्या आतली मुलं ताटात धरली नाहीत तरी लिहून ठेवा, कारण त्यांना खुर्ची लागते, आणि मूल जेवत असताना त्याची आई दुसऱ्या पंगतीला बसते.

फेब्रुवारीअखेरच्या लग्नात मुलांचा आणखी एक परिणाम होतो. तेव्हा बारावीची परीक्षा चालू असते आणि दहावीची तोंडावर आलेली किंवा सुरू झालेली असते. घरात बोर्डाचा विद्यार्थी असेल तर तो येत नाहीच, पण बहुतेक वेळा त्याच्यासाठी आईही मागे राहते. म्हणजे एका मुलापायी दोन ताटं कमी होतात. हेच लग्न मेमध्ये असतं तर उलटं झालं असतं. सुट्टीला आलेली भाचरं आणि नातवंडं प्रत्येक घरामागे एक-दोन वाढली असती. तुमच्या यादीत दहावी-बारावीची घरं शोधून खूण करा.

'सोबत' या रकान्यावर थोडं थांबतो, कारण आकडा वाढतो तो इथेच. आपल्याकडे सोबत येणारं माणूस म्हणजे बहुतेक वेळा त्या घरची लेक. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली असते, म्हणून तिच्या माहेरच्या ओळीत नसते. तिच्या सासरी तुमची पत्रिका गेलेली नसते, म्हणून तिची स्वतःची ओळही नसते. पण तुमची बहीण तिची चुलत बहीण असते, लहानपणापासून एकत्र वाढलेली. ती नवऱ्याला आणि मुलांना घेऊन येणारच, आणि तिने यावं अशी तुमचीही इच्छा असते. जवळच्या नात्यातल्या प्रत्येक घराला स्पष्ट विचारा: लेकी किती, त्यातल्या कोण येणार, जावई येणार का, मुलं किती. लेक आली आणि जावई आले नाहीत असं बरंच होतं, म्हणून दोघांना एकत्र धरू नका.

सोबतची बाकीची माणसं तशी कमी असतात: म्हाताऱ्या आजींना धरून आणणारी बाई, भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर, कुणाकडे पाहुणा म्हणून आलेला मेव्हणा, करवल्यांच्या मैत्रिणी. यांना घरोघर शोधत बसू नका, आले तसे लिहा. एक गोष्ट मात्र आजच बंद करा. मोबाईलवरची पत्रिका शाळेच्या, क्लासच्या किंवा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की ते न मोजलेलं आमंत्रण होतं. टाकून झाली असेल तर त्या ग्रुपची एक वेगळी ओळ करा आणि ग्रुपवरच पोल टाका: 'दुपारी जेवायला येणार', 'येणार नाही'. पोलवर किती जणांनी काय दाबलं ते लिहून ठेवा. ज्यांनी काहीच दाबलं नाही, त्यांना शून्य धरा.

प्रश्न कसा विचारायचा, यावर सगळ्या मोजणीचा भरवसा आहे. 'लग्नाला येणार ना?' असं विचारलं तर सांगली-साताऱ्यात एकच उत्तर मिळतं, 'येणार की!' नाही म्हणणं अपमानाचं वाटतं, म्हणून नसलेलं माणूसही हो म्हणतं. 'किती जण येणार?' हेही टोचतं. आमची ताटं मोजताय का, असा अर्थ निघतो. म्हणून सोयीचा प्रश्न विचारा. 'कशाने येताय? गावातून गाडी जाणार आहे, तुमच्या किती सीट धरू?' 'आदल्या दिवशी हळदीला मुक्काम आहे का? कार्यालयात किती जणांच्या गाद्या टाकू?' 'धार काढायला घरी कोण थांबणार?' या प्रश्नांना माणूस विचार करून उत्तर देतो, कारण त्याला स्वतःची सोय बघायची असते. आणि सीटचा आकडा म्हणजे जवळजवळ ताटाचाच आकडा.

गावातल्या भावकीला तुम्ही स्वतः फोन करू नका. प्रत्येक वस्तीवर एक जाणतं माणूस नेमा, शक्यतो एखादी काकी. कुणाची जनावरं आहेत, कुणाच्या बागेत त्या आठवड्यात द्राक्षाची तोड आहे, कोणाची सून बाळंतपणाला माहेरी गेलीय, हे तिला न विचारता माहीत असतं. तासगावच्या पट्ट्यात फेब्रुवारीअखेर द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असतो. व्यापाऱ्याने तोडीचा दिवस दिला की ते घर लग्नाला एखादंच माणूस पाठवतं, कितीही जवळचं असलं तरी. काकीला यादीचा तेवढाच कागद द्या आणि प्रत्येक नावापुढे आकडा लिहून परत मागा.

त्याच दिवशी दुसरं कोणाचं लग्न आहे का, तेही तिच्याकडूनच कळतं. मुहूर्त थोडे आणि लग्नं दाट असली की एका घराकडे एकाच तारखेच्या तीन-तीन पत्रिका असतात. मग घर वाटून जातं: नवरा एका मांडवात, बायको दुसऱ्या, मुलगा तिसऱ्या. काही जण तुमच्याकडे अक्षता टाकतात, आहेर देतात आणि जेवायला दुसरीकडे जातात. कार्यालयात माणूस भरपूर दिसतं आणि ताटं कमी लागतात ती यामुळे.

उत्तराच्या रकान्यात फक्त तीन शब्द ठेवा: नक्की, गप्प, नाही. 'बघू', 'येऊ की', 'आपलंच कार्य आहे' ही सगळी उत्तरं गप्पमध्ये टाका. आकडा सांगून दिलेलं उत्तर तेवढं नक्की. शीट वापरत असाल, मोठी माणसं F मध्ये, ५ ते १० ची मुलं G मध्ये आणि उत्तर I मध्ये असेल, तर नक्की ताटं अशी निघतात:

```
=SUMIF(I2:I300,"नक्की",F2:F300)+0.5*SUMIF(I2:I300,"नक्की",G2:G300)
```

'नक्की'च्या जागी 'गप्प' लिहिलं की दुसरा आकडा मिळतो. हे शब्द हाताने टाइप करू नका, ड्रॉपडाउन लावा. कुणी शब्दानंतर एक स्पेस सोडली तर ती ओळ बेरजेत येत नाही आणि दिसतही नाही.

आता तुमच्या २१० घरांचं गणित करून दाखवतो. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका; गणित कसं चालतं तेवढं बघा.

पहिला गट जवळच्या नात्याचा, मामा, मावश्या, आत्या, काका, अशी २२ घरं. इथे नावानिशी मोजायचं, अंदाज नाही. घरात राहणारी मोठी माणसं ८४. त्यातली ६ येणार नाहीत: दोन आजारी, दोन परगावी, एक बारावीचा आणि त्याची आई. लेकी-जावयांची भर १२. म्हणजे मोठी ९० आणि ५ ते १० ची मुलं १२.

दुसरा गट गावचा, ८५ घरं. त्यातली ४० चूलबंद आणि ४५ घरटी एक. चूलबंद घरांत मोठी माणसं १७६ आहेत. पण ४० पैकी ३१ घरांत जनावरं आहेत, तिथे एक-एक माणूस धारेसाठी मागे राहणार, म्हणजे ३१ कमी. द्राक्षाची तोड, कॉलेज आणि त्या दिवशीचं दुसरं लग्न यांमुळे आणखी १७ कमी. उरली १२८ मोठी, आणि मुलं ३४. घरटी एकच्या ४५ घरांपैकी ४ घरांतून कुणी येणार नाही आणि ६ घरांतून दोघं येणार, असं काकींनी लिहून दिलं. ते ४७ झाले. या गटात कोणी गप्प राहत नाही, गावातल्या माणसाकडून नेमकी मोजणी घेण्याचा फायदा हाच.

तिसरा गट वडिलांच्या ओळखीचा आणि बहिणीच्या मैत्रिणींचा, ६३ पत्रिका. हा सर्वात फसवा गट आहे. पत्रिका सहकुटुंब, पण येतं बहुतेक एकच माणूस, तेही ऑफिसमधून थोडा वेळ काढून. २८ जणांनी आकडा सांगितला: ४१ मोठी, ५ मुलं. उरलेले ३५ गप्प. यांच्यासाठी बाहेरून कुठला टक्का आणू नका, स्वतःच्या साखरपुड्याचा वापरा. समजा साखरपुड्याला याच ओळखीतल्या २० जणांना बोलावलं होतं आणि ११ माणसं जेवली, तर दर पत्रिकेमागे अर्ध्याहून थोडं जास्त माणूस. ३५ पत्रिकांना १९ माणसं. साखरपुड्याला आपण त्यातल्या त्यात जवळच्यांनाच बोलावतो, म्हणून हा दर वरचा समजा. प्रत्यक्षात यापेक्षा कमी येतील, जास्त क्वचितच. साखरपुडा घरातल्या घरात झाला असेल तर शेवटच्या कार्यात, वास्तुशांतीत किंवा बारशात, या लोकांपैकी किती जण जेवले ते आठवून काढा.

चौथा गट लांबचे पाहुणे, ४० घरं. २६ घरांनी आकडा दिला: ५८ मोठी, ७ मुलं. ५ घरं येणार नाहीत. ९ गप्प आहेत, तिथे घरटी एक धरा. लांबचं घर गप्प असलं तरी हजेरीला एक माणूस पाठवण्याची रीत पाळतं.

चार गटांची बेरीज: मोठी ९० + १२८ + ४७ + ६० + ६७ = ३९२. मुलं १२ + ३४ + ५ + ७ = ५८, त्यांची २९ ताटं. तुमच्याकडची ताटं ४२१. यातली गप्पांची १९ आणि ९ मिळून २८ ताटं कच्ची आहेत, बाकी पक्की.

मुलाकडचा आकडा हा वेगळाच नाजूक विषय. ते 'तीनशे माणूस येईल' म्हणतात, आणि तो आकडा तपासणं तुम्हाला अवघड जातं. वऱ्हाडाची माणसं मोजतोय असं वाटू देऊ नका. गाड्या मोजा. 'पार्किंगला जागा राखून ठेवायची आहे, गाड्या किती आणि कोणत्या?' हे विचारायला काहीच हरकत नसते. समजा ४९ सीटच्या दोन बस, ९८ माणसं. १४ कार, प्रत्येकी ५, ७० माणसं. सांगली-मिरजेतले त्यांचे पाहुणे, जे आपापल्या दुचाकीवर येतील, ४५. एकूण २१३. तीनशे आणि २१३ यात फरक मोठा आहे, म्हणून गाड्यांची यादी एकदा त्यांना वाचून दाखवा. बहुतेक वेळा विसरलेली गाडी तेव्हाच आठवते. इथे त्यांना दोन जीप आठवल्या असं धरू, प्रत्येकी १३ माणसं. २३९ झाले. त्यातली २३ मुलं अर्धी धरली तर २१६ अधिक साडेअकरा, म्हणजे २२८ ताटं.

राहिली कामाची माणसं. यादीत कुणी त्यांना धरत नाही आणि दुपारी तीन वाजता ती जेवायला येतात तेव्हा भात खाली लागलेला असतो. बँडवाले १२, फोटो-व्हिडिओ ५, डेकोरेशन ६, भटजी २, बस-जीप आणि भाड्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर ९. हे ३४. ड्रायव्हर वऱ्हाडाच्या सीटमध्ये आधीच धरलेला नाही ना, ते बघा.

४२१ + २२८ + ३४ = ६८३. पत्रिका गुणिले चारच्या हिशोबाने हेच लग्न ८४० अधिक ३०० म्हणजे ११४० वर गेलं असतं.

पण केटररला ६८३ हा एक आकडा देऊ नका. दोन द्या. पहिला हमीचा, ज्याचे पैसे माणसं कमी आली तरी द्यायचेच. दुसरा तयारीचा, जिथपर्यंत जेवण कमी पडता कामा नये. हमीचा आकडा पक्क्या ताटांवर ठेवा: ६८३ वजा २८, म्हणजे ६५५, सांगताना ६५०. तयारीचा आकडा बेरजेच्या साधारण ५ टक्के वर, ७१७, सांगताना ७२०. मधल्या ७० ताटांचे पैसे वापराप्रमाणे, आणि त्यांचा दर आधी ठरलेला. काही केटरर हमीपेक्षा ५ ते १० टक्के जास्त तयारी स्वतःहून ठेवतात. तसं असेल तर तुमच्या ५ टक्क्यांवर त्याचे १० टक्के चढतात आणि अन्न वाया जातं. म्हणून '७२० म्हणजे तुमची जास्तीची तयारी धरूनच' हे शब्द उच्चारून सांगा.

सगळे पदार्थ एकाच आकड्यावर करायचे नसतात. मसालेभात आणि आमटी ऐनवेळी वाढवता येते; सामान आणि मोकळी शेगडी असेल तर भाताचं आणखी एक पातेलं पाऊण तासात उतरतं. पुरीचं पीठ मळलेलं असलं की पुरी लागेल तशी तळता येते. गोड मात्र ऐनवेळी वाढत नाही. मोतीचूर लाडू असेल तर तो आदल्या दिवशी नगावर वळून झालेला असतो. म्हणून गोड ७२० वर, आणि भात-पुरीचं कच्चं सामान ७२० चं आणून शिजवणं मात्र आधी ६५० चं. हा वाटा आचाऱ्याशी बोलून ठरवा, फक्त बुकिंग घेणाऱ्या माणसाशी नाही.

तारखांचं म्हणाल तर लग्नाआधी महिनाभर चुलींची यादी गोठवा. त्यानंतर नवीन नाव आलं तर ते जोडणाऱ्याने प्रकार आणि माणसं सांगूनच जोडायचं. आठ दिवस आधी पहिली विचारणा, आणि चार दिवस आधी फक्त गप्प आणि लेकी-जावई यांच्याकडे दुसरी. केटररला पहिला अंदाज यादी गोठल्यावर द्या, पक्के दोन आकडे तीन दिवस आधी द्या. किराणा त्या सुमारास भरला जातो, भाजी आदल्या दिवशी येते. आदल्या संध्याकाळी आकडा बदलला तर भाजीत बदल होऊ शकतो, बाकीच्यात नाही.

हळदीचं जेवण, लग्नाच्या सकाळचा वऱ्हाडाचा नाश्ता आणि संध्याकाळी उरलेल्यांचं जेवण यांचे आकडे या ६८३ मधून काढायचे नाहीत. नाश्त्याला बस, जीप आणि कारने येणारी माणसं आणि मुक्कामी लोक धरा. हळदीला गावची भावकी आणि पहिला गट. यादीत तेवढे दोन रकाने जास्त करा. लग्न उपवासाच्या वारी येत असेल तर फराळाची ताटं वेगळी विचारून घ्या, आणि ती एकूण आकड्यातून वजा करायला विसरू नका. सांगलीत जैन पाहुणे बरेच असतात. तुमचं जेवण दुपारचं आहे म्हणून प्रश्न सोपा आहे, फक्त कांदा-लसूण आणि कंदमुळाशिवायची भाजी किती ताटांना लागेल ते लिहा. पुढे कधी रात्रीचं रिसेप्शन केलंत, तर त्यातले बरेच जण सूर्यास्ताआधी जेवणारे असतात, तेव्हा त्यांची ताटं वेळेवर लावा किंवा मोजणीतून काढा.

लग्नाच्या दिवशी एका माणसाला फक्त मोजणीचं काम द्या, आणि तो घरातला नसावा, कारण घरातल्याला दर पाच मिनिटांनी कुणीतरी हाक मारतं. त्याने सकाळी केटररच्या माणसासोबत ताटांचे गठ्ठे मोजून आकडा लिहायचा आणि दोघांनी सही करायची. सव्वाबाराला यादीवर खुणा करायच्या: दोन्ही बस आल्या का, जीप आल्या का, गावच्या गाड्या आल्या का. सगळ्या आल्या असतील आणि खुर्च्यांच्या मागे माणसं उभी दिसत असतील, तर अक्षता पडण्याआधीच आचाऱ्याला भाताचं पुढचं पातेलं चढवायला सांगायचं. पहिली पंगत उठेपर्यंत थांबलं तर पाऊण तास हातातून जातो. एखादी बस वाटेत अडकली असेल तर पातेलं चढवणं थांबवायचं, पण बसमधल्या माणसांना फोन करून ती किती वेळात पोचते ते विचारूनच. जेवणं झाल्यावर उरलेली कोरी ताटं पुन्हा दोघांनी मोजायची. सकाळचा आकडा वजा हा आकडा म्हणजे वापरलेली ताटं, त्यातून लहान मुलांनी उचललेल्या ताटांचं काय करायचं ते आधीच्या कागदाप्रमाणे, आणि हमीच्या वरची जेवढी ताटं निघतील तेवढ्यांचेच जास्तीचे पैसे.